चेहरा म्हणजे फक्त फोटो नव्हे : अंगणवाडीच्या पाकिटापासून कायद्यापर्यंत

राजूर (ता. भोकरदन) : मागच्या महिन्यात पोषण आहाराची पाकिटं वाटायच्या दिवशी एका अंगणवाडीच्या ओट्यावर बसलो होतो. ताईंच्या हातात मोबाईल, समोर बायांची रांग. एकेकीनं उजेडाकडं तोंड करायचं, डोक्यावरचा पदर थोडा मागं घ्यायचा, डोळे मिचकवायचे. मोबाईलनं हो म्हटलं की पाकीट मिळणार. रांगेतल्या एका काकूंनी मला विचारलं, "भाऊ, पेपरवाले ना तुम्ही? मग सांगा, फोटोच तर काढतेत, त्यात एवढं काय? आमची सून तर रोज स्टेटसला फोटो ठेवती."

प्रश्न बरोबर होता आणि मला तिथं नीट उत्तर देता आलं नाही. शेतातलं काम आटोपून रात्री कायदे वाचत बसलो, जालन्यातल्या एका वकील मित्राला दोन-तीनदा फोन केला. त्यातून जे कळलं ते इथं मांडतोय.

आधी ही रांग का लागली ते सांगतो. केंद्राच्या महिला व बालविकास खात्याचं पोषण ट्रॅकर नावाचं ॲप २०२१ पासून अंगणवाड्यांत चालतं. गरोदर माता, स्तनदा माता आणि सहा महिने ते तीन वर्षांची लेकरं यांना घरी न्यायचा आहार मिळतो, त्याला टीएचआर म्हणतात. हा आहार खऱ्या लाभार्थ्यालाच मिळतोय का हे बघायला १ जुलै २०२५ पासून चेहरा पडताळणी सक्तीची झाली. पहिल्यांदा आधार नंबर टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो सांगायचा आणि चेहऱ्याची नोंद करायची. पुढं दर महिन्याला पाकीट देताना पुन्हा चेहरा दाखवायचा आणि तो आधीच्या नोंदीशी जुळला पाहिजे. लेकरू लहान असेल तर चेहरा आईचा.

आता काकूंच्या प्रश्नाकडं येऊ. स्टेटसवरचा फोटो आणि हा फोटो यात फरक काय?

स्टेटसवरचा फोटो माणूस बघतो, आणि ओळखीचा असेल तरच ओळखतो. चेहरा पडताळणीत फोटो हा फक्त कच्चा माल असतो. मशीन त्यातून डोळे कुठं आहेत, नाक कुठं, हनुवटी कशी, हे हेरतं आणि सगळ्या चेहऱ्याचा एक आकड्यांचा संच बनवतं. काही प्रणालींत १२८ आकडे असतात, काहींत ५१२. पुढच्या वेळी तुम्ही समोर आलात की नवा संच बनतो आणि जुना व नवा यांच्यात अंतर किती ते मोजलं जातं. अंतर ठरलेल्या मर्यादेच्या आत असलं तर तोच माणूस, बाहेर गेलं तर दुसरा. म्हणजे मशीन 'हीच ती बाई' असं कधी म्हणत नाही. 'बऱ्यापैकी जुळतंय' किंवा 'जुळत नाही' एवढंच म्हणतं.

ती मर्यादा कुठं ठेवायची हे माणूसच ठरवतो, आणि सगळी गोम तिथं आहे. सोयाबीन चाळताना चाळणीची भोकं बारीक घेतली तर खड्याबरोबर चांगला दाणाही वर राहतो, मोठी घेतली तर दाण्याबरोबर खडाही खाली येतो. इथंही तसंच आहे. मर्यादा कडक ठेवली तर खरी आई नाकारली जाते, सैल ठेवली तर तिच्या जागी तिची बहीणही चालून जाते. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी प्रणाली अजून कुणी बनवलेली नाही. त्यात आपल्याकडं अंधारी खोली, स्वस्तातला मोबाईल, धुरकट कॅमेरा. आधारवरचा फोटोही दहा-बारा वर्षांपूर्वीचा. देशातलं पहिलं आधार आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, सप्टेंबर २०१० मध्ये दिलं गेलं. तेव्हा बारा-तेरा वर्षांची असलेली पोरगी आज दोन लेकरांची आई आहे. बाळंतपणात चेहरा सुजतो, नंतर उतरतो. मशीनच्या दृष्टीनं आकडे बदलले.

पण न जुळणं ही एक अडचण झाली. कायदा चेहऱ्याला वेगळं का धरतो, त्याचं कारण यापेक्षा खोल आहे.

बँकेचा पिन फुटला तर दुसरा घेता येतो. सिमकार्ड बदलता येतं. चेहरा बदलता येत नाही. तुमच्या चेहऱ्याचे आकडे एकदा चुकीच्या हाती गेले तर ते आयुष्यभरासाठी गेले. दुसरं म्हणजे, अंगठ्याचा ठसा द्यायला तुम्हाला मशीनवर अंगठा टेकवावा लागतो, म्हणजे निदान कळतं तरी. चेहरा लांबून घेता येतो, न विचारता. अंगारकीला राजुरेश्वराच्या दर्शनाला गर्दी किती असते ते आपण बघतो. त्या गर्दीत कुणी कॅमेरा लावला आणि त्याच्याकडं आधीपासून हजारो चेहऱ्यांचे आकडे असले, तर कोण आलं, कुणासोबत आलं, किती वाजता गेलं हे काढता येतं. तिथं कुणी असं केलंय असं मी म्हणत नाही, पण तंत्र तेवढं करू शकतं. आणि यात फरक लक्षात घ्या : अंगणवाडीत एका बाईचा चेहरा तिच्याच एका नोंदीशी ताडला जातो. गर्दीत एक चेहरा सगळ्या नोंदींशी ताडला जातो. पहिल्या कामासाठी जमवलेला साठा दुसऱ्या कामाला वापरता येतो, म्हणून साठा कुणाकडं आहे आणि किती दिवस राहणार हा प्रश्न महत्त्वाचा.

युरोपातल्या कायद्यानं हा फरक बरोबर पकडला आहे. तिथं साध्या फोटोला विशेष संवेदनशील माहिती मानत नाहीत. पण त्याच फोटोवर माणूस ओळखण्यासाठी तांत्रिक प्रक्रिया केली की तो बायोमेट्रिक होतो आणि कडक नियम लागतात. काकूंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हेच आहे. सुनेचा स्टेटसवरचा फोटो म्हणजे नुसता फोटो. ताईंच्या मोबाईलमध्ये झालेली नोंद म्हणजे ओळखीची किल्ली.

आता आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो ते बघू. इथं एक नाही, तीन कायदे आहेत, आणि तिन्हींची भाषा वेगळी आहे. मला हे समजायला दोन रात्री लागल्या, त्यामुळं सावकाश सांगतो.

पहिला आहे माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, आणि त्याखाली एप्रिल २०११ मध्ये आलेले नियम. या नियमांत 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' अशी यादीच दिली आहे : पासवर्ड, बँक खातं व कार्डाची माहिती, तब्येतीची माहिती, वैद्यकीय कागदपत्रं, लैंगिक कल आणि बायोमेट्रिक माहिती. बायोमेट्रिक म्हणजे काय हेही लिहिलंय. बोटांचे ठसे, डोळ्याची बुबुळं, आवाजाची ठेवण, हाताची मापं, डीएनए, आणि चेहऱ्याची ठेवण. म्हणजे चेहरा संवेदनशील आहे हे आपल्या नियमांत २०११ पासून लिहिलेलं आहे. अशी माहिती घेण्याआधी लेखी संमती घ्यायची, कशासाठी घेतोय ते सांगायचं, गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवायची नाही, न देण्याचा पर्याय ठेवायचा, आणि दिलेली संमती माणसाला लेखी परत घेता आली पाहिजे. कंपनीनं तक्रार अधिकारी नेमायचा आणि त्यानं महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची.

वाचून बरं वाटलं. मग वकील मित्रानं पुढचं वाक्य वाचायला लावलं. हे सगळं 'बॉडी कॉर्पोरेट' साठी आहे, म्हणजे कंपनी, फर्म, धंदा करणारी संस्था. सरकारी खात्यासाठी नाही. म्हणजे आपल्या गावचा पोरगा जालन्याच्या एमआयडीसीत कामाला असेल आणि गेटवर चेहरा दाखवून हजेरी लागत असेल, तर हे नियम त्याच्या कंपनीला लागू आहेत. त्याच्या आईला अंगणवाडीच्या दारात लागू नाहीत.

त्या पोराबद्दल एक सांगून ठेवतो. बऱ्याच ठिकाणी रुजू होताना सहीसाठी कागदांचा गठ्ठा पुढं येतो आणि संमती त्यातच कुठंतरी असते. सही केली म्हणजे हक्क गेला असं नाही. नोकरी सोडल्यावर 'माझ्या चेहऱ्याची नोंद पुसा' असं लेखी मागता येतं, कारण हजेरीचं काम संपलं. कंपनीच्या हलगर्जीनं ही माहिती फुटली आणि नुकसान झालं तर याच कायद्याच्या कलम ४३-अ खाली भरपाई मागता येते. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढं चालतात. मंत्रालयात फेऱ्या माराव्या लागतील ही गोष्ट वेगळी, पण भरपाई त्या माणसाच्या हातात पडते, हे ध्यानात ठेवा. पुढं याचा संबंध येणार आहे.

दुसरा कायदा आधारचा, २०१६ चा. हा सरकारी योजनांना लागू होतो. यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार मोठी वाटते. या कायद्यात बायोमेट्रिक माहिती म्हणजे फोटो, बोटांचे ठसे, बुबुळं असं धरलंय, आणि ती संवेदनशील वैयक्तिक माहिती मानली जाईल असं कलम ३० सांगतं. पण त्याच्या आत अजून एक कप्पा आहे, 'मूळ बायोमेट्रिक' माहितीचा. त्यात ठसे आणि बुबुळं नाव घेऊन लिहिलीत. फोटोचं नाव तिथं नाही. सगळ्यात कडक कुलूप या आतल्या कप्प्याला आहे : मूळ बायोमेट्रिक माहिती कोणत्याही कारणासाठी कुणालाही देता येत नाही, आणि पडताळणी करणाऱ्या संस्थेला तिची प्रत ठेवता येत नाही. फोटोबद्दल कायदा म्हणतो की तो जाहीरपणे छापायचा, लावायचा नाही. संरक्षण आहे, पण ठशाइतकं घट्ट नाही.

२०१६ साली हे चालून गेलं असेल, कारण तेव्हा आधारवरचा फोटो म्हणजे कार्डावरचं चित्र होतं. रेशनला अंगठा लागायचा. आता चेहरा अंगठ्याचं काम करतोय. घरबसल्या रेशनची ई-केवायसी चेहऱ्यावर होते, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला चेहऱ्यावर निघतो, पीएम किसानची ई-केवायसी २०२३ पासून चेहऱ्यानंही करता येते. काम वाढलं, पण कायद्यातला कप्पा तोच राहिला.

इथं अजून एक भेद करायला हवा, कारण सगळ्या चेहरा पडताळण्या एकसारख्या नसतात. पेन्शन किंवा पीएम किसानमध्ये तुमच्या मोबाईलमधलं आधारचं फेस ॲप चेहरा टिपतं, तो बंद पाकिटासारखा गुप्त रूपात आधार प्राधिकरणाकडं जातो, तिथल्या फोटोशी ताडला जातो आणि उलट उत्तर येतं. योजनेच्या खात्याला चेहऱ्याची नवी नोंद सांभाळायची गरज नसते. पण एखाद्या ॲपनं पहिल्या दिवशीची नोंद स्वतःकडं ठेवून दर महिन्याला तिच्याशीच जुळवणी करायची ठरवली, तर चेहऱ्यांचा आणखी एक साठा तयार होतो. कोणत्याही योजनेत चेहरा मागितला तर पहिला प्रश्न हाच विचारायचा : माझा चेहरा आधारकडं ताडताय की तुमच्याकडं ठेवताय?

तिसरा कायदा नवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. सगळा कायदा एकदम लागू झालेला नाही. मंडळ स्थापण्याची कलमं लगेच लागू झाली, पण संमती, हक्क, माहितीची सुरक्षा ही मुख्य कलमं १८ महिन्यांनी म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. तोवर २०११ चे नियम चालू.

या नव्या कायद्यात तुम्ही 'संवेदनशील' हा कप्पा शोधाल तर सापडणार नाही. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत शोधला. २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांत तो होता, बायोमेट्रिक माहिती त्यात होती. अंतिम कायद्यात काढून टाकला. आता वैयक्तिक माहिती म्हणजे वैयक्तिक माहिती, मग तो मोबाईल नंबर असो की चेहरा. याच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की नियम सोपे झाले, सगळ्याच माहितीला सारखं संरक्षण मिळालं. मला ते पटत नाही. गोठ्याला आणि तिजोरीला एकच कडी लावली तर गोठा जास्त सुरक्षित होत नाही.

दोन गोष्टी मात्र चांगल्या आहेत. माहिती फुटली तर संबंधित माणसाला उशीर न लावता कळवावं लागेल, आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर माहिती द्यावी लागेल. सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण हा दंड सरकारच्या तिजोरीत जातो. ज्या बाईचा चेहरा फुटला तिला त्यातला रुपयाही नाही. आणि ते ४३-अ, ज्यात भरपाई मिळत होती, ते मे २०२७ मध्ये रद्द होणार आहे. आपण दंडाचा मोठा आकडा वाचून खूश होतो, पण कुणाच्या खिशात काय जातं ते बघत नाही.

आता परत अंगणवाडीच्या ओट्यावर येऊ आणि एक उदाहरण धरू. समजा एक बाई आहे, वय चोवीस, कडेला आठ महिन्यांचं लेकरू. आधारला जोडलेला मोबाईल नवऱ्याकडं, आणि नवरा ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात. अंगणवाडीत ओटीपी मागितला. तिनं नवऱ्याला फोन लावला, तो फडात, उचलला नाही. ओटीपीची वेळ गेली. दुसऱ्या दिवशी ओटीपी मिळाला पण चेहरा जुळेना, आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. पुढच्या महिन्यात ती स्वतःच फडावर गेली, पाकीट घ्यायला सासू आली. सासूचा चेहरा चालत नाही.

हिला पाकीट नाकारता येतं का?

कायद्यानं नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मध्ये गरोदर व स्तनदा मातांचा आणि सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचा पोषण आहार हा हक्क आहे. कुणाची मेहरबानी नाही. आधार कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं असं घातलंय की आजारपण, इजा, म्हातारपण किंवा तांत्रिक कारणानं पडताळणी झाली नाही, तर ओळख पटवायचा दुसरा मार्ग द्यावा लागेल. आणि लेकरांबद्दल तर सरळ लिहिलंय की पडताळणी झाली नाही म्हणून कोणत्याही बालकाला लाभ नाकारता येणार नाही. इथं पाकीट कुणाचं आहे? आठ महिन्यांच्या लेकराचं. चेहरा आईचा न जुळला तरी हक्क लेकराचा आहे. सर्वोच्च न्यायालयानंही सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात आधार नाही म्हणून मुलांचा लाभ अडवू नये असं सांगितलंय.

पण यात ताईंना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्या मोबाईलमध्ये 'चेहरा जुळला नाही, तरी दिलं' असं नोंदवायला सोय नसेल तर त्या काय करणार? पाकीट दिलं तर हिशोब जुळत नाही, नाही दिलं तर बाई भांडते. राज्यातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी या पद्धतीला विरोध केला तो याच त्रासापायी. ताईंना माझं सांगणं एवढंच की ज्या दिवशी जुळलं नाही त्या दिवशी वहीत तारीख, नाव आणि कारण लिहा, लाभार्थ्याची सही घ्या आणि ते पर्यवेक्षिकेला लेखी कळवा. आईनंही एक साधा अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या नावे द्यावा : चेहरा पडताळणी तांत्रिक कारणानं झाली नाही, माझ्या बाळाचा आहार पर्यायी ओळखीवर द्यावा. पोच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

संमतीचं काय? नवा कायदा आल्यावर लेकराच्या माहितीसाठी पालकाची संमती लागणार आहे, आणि लेकरू म्हणजे १८ वर्षांच्या आतलं. पण सरकारी लाभ देण्यासाठी सरकारला संमतीशिवायही माहिती वापरता येईल अशी तरतूद आहे, आणि लेकरांच्या लाभासाठीही नियमांत गरजेपुरती सूट दिली आहे. म्हणजे अंगणवाडीच्या दारात 'संमती देते की नाही' हा प्रश्न जवळपास उरत नाही. माहिती पुसून टाका असं सांगायचा हक्क खासगी कंपनीपुढं मिळेल, सरकारपुढं नाही, कारण त्या कलमातून सरकारला सूट आहे. एक धागा हाती राहतो. नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टात लिहिलंय की लाभासाठी घेतलेली माहिती गरजेपुरतीच घ्यायची, गरज असेपर्यंतच ठेवायची, सुरक्षित ठेवायची आणि शंका विचारायला कुणाशी बोलायचं ते सांगायचं. लेकरू तीन वर्षांचं झालं, पाकीट बंद झालं, मग आईच्या चेहऱ्याची नोंद कशाला? हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला आणि ठरावात घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

'संमती' या शब्दाबद्दल एक परदेशातला किस्सा इथं चपखल बसतो. स्वीडनमध्ये शेलेफ्टेओ नावाच्या गावी एका शाळेनं २२ पोरांची हजेरी काही आठवडे चेहऱ्यावर घेतली. पालकांची रीतसर संमती घेतली होती. तरी २०१९ मध्ये तिथल्या डेटा संरक्षण संस्थेनं गावच्या प्रशासनाला दोन लाख क्रोनर दंड केला. कारण दिलं ते असं : शाळा वरच्या जागी, पोरगं खालच्या जागी, तिथं 'हो' म्हटलेलं मोकळ्या मनाचं धरता येत नाही. आणि हजेरीसाठी चेहरा लागतोच कशाला, नाव पुकारून होते की. हेच आपल्या रांगेला लावून बघा. पाकीट समोर ठेवून विचारलेल्या प्रश्नाला कोण नाही म्हणेल?

आज तुम्हाला स्वतःला काय करता येतं तेही सांगतो, कारण मे २०२७ लांब आहे. myaadhaar.uidai.gov.in या साइटवर किंवा एमआधार ॲपवर बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. लॉक केलं की ठसा, बुबुळ आणि चेहरा या तिन्हींनी आधार पडताळणी होत नाही, ओटीपीची मात्र होते. तिथंच तुमच्या आधारची पडताळणी कधी कधी झाली याची मागच्या सहा महिन्यांची यादी दिसते. त्यात तुम्ही न केलेली पडताळणी दिसली तर १९४७ वर फोन करा. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांनी हयातीच्या दाखल्याआधी लॉक उघडायचं विसरू नका, नाहीतर 'चेहरा चालत नाही' म्हणून उगाच दहा हेलपाटे होतील. या लॉकनं आधारकडची वाट बंद होते. दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर पडलेला तुमचा चेहरा त्यानं पुसला जात नाही.

तो कसा पडतो ते मी स्वतः बघितलंय. गेल्या वर्षी एका फॉर्मसाठी तालुक्याच्या ठिकाणी एका ऑनलाइन सेंटरवर गेलो होतो. पोरानं माझा फोटो काढला, आधार स्कॅन केलं, काम झालं. सहज स्क्रीनकडं बघितलं तर डेस्कटॉपवर एक फोल्डर, त्यात शेकडो फोटो, प्रत्येकाला माणसाचं नाव आणि आधार नंबर. बायांचे, म्हाताऱ्यांचे, शाळेच्या पोरांचे. मी म्हटलं, "बाबा, माझं काढून टाक." तो म्हणाला, "काका, पुढच्या टायमाला लागलं तर तुमचंच काम सोपं होतं." वाईट पोरगा नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. त्यानं माझ्यासमोर फाईल डिलीट केली. मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि परत आलो. रिसायकल बिन उघडायला लावलं. फाईल तिथं होती, तीही काढायला लावली. बाकीच्या फोल्डरचं विचारलं तर म्हणाला, "ज्याचं तो सांगंल तेव्हा बघू."